प्लास्टर सोमवारी येणार, मग नळाचं काय?

पहिल्यांदा घर बांधणाऱ्या माणसाचा फोन मला बहुतेक वेळा शनिवारी संध्याकाळी येतो. वीटकाम उरकलेलं असतं, गवंडी सोमवारी प्लास्टरला माणसं आणतो म्हणून सांगून गेलेला असतो आणि प्लंबर कुणाच्या तरी लग्नाला गावी गेलेला असतो. कराड-सातारा भागात साइटवर उभं राहून मला वीस-बावीस वर्षं झाली. या फोनवरचे प्रश्न फारसे बदललेले नाहीत. गेल्या वर्षी एका शिक्षक दांपत्याच्या दुमजली घराचं काम पाहिलं, तेव्हा त्यांनी हे सगळे प्रश्न वहीत लिहूनच आणले होते. पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या आठ बाय पाच फुटी बाथरूमचाच दाखला घेऊन उत्तरं देतो. एक बाथरूम नीट समजलं की बाकीचं घर अवघड नाही.

प्लास्टरच्या आधी नळकामातलं नेमकं काय संपलेलं हवं?

भिंतीच्या आत जे जे कायमचं गाडलं जाणार ते सगळं. गार आणि गरम पाण्याच्या सीपीव्हीसी लाइन, शॉवरचा डायव्हर्टर, भिंतीतला स्टॉप कॉक, गीझरचे दोन पॉइंट, कमोडची टाकी भिंतीतली घेणार असाल तर तिची फ्रेम. सोलर बसवणार असाल तर गच्चीवरून खाली येणारी गरम पाण्याची लाइनही यातच आली. ‘सोलर पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्यांनीही पाइप आजच टाकून, टोपण लावून ठेवावा. तो खर्च किरकोळ असतो. पुढच्या वर्षी तोच पाइप भिंतीबाहेरून लोंबताना दिसतो.

लोक पाण्याच्या लाइन लक्षात ठेवतात आणि सांडपाण्याच्या विसरतात. वॉश बेसिन, स्वयंपाकघरातलं सिंक आणि वॉशिंग मशीन यांचं पाणी भिंतीतूनच खाली उतरतं. ते पाइपही प्लास्टरच्या आधी बसले पाहिजेत. बाहेरच्या भिंतीतून जाणारी भोकंही आधी पाडून त्यांत पाइपचे तुकडे बसवून घ्या. बाहेरचं प्लास्टर झाल्यावर छिन्नीने भोक पाडलं की भोकाभोवती केसासारख्या भेगा पडतात आणि पहिल्याच पावसाळ्यात आत ओल दिसते.

भिंत किती कापायची?

छिन्नीने ठोकत बसण्यापेक्षा कटरने दोन रेघा मारून मधला भाग काढायचा. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी तर त्याच्या निम्मीच. चार इंची भिंतीत लांब आडवी खाच मारूच नका. बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही. प्लंबरने सळई उघडी पाडली असेल तर काम तिथल्या तिथे थांबवून इंजिनिअरला बोलवा. पाइप बसल्यावर खाच घट्ट मालाने भरून वर कोंबडी जाळी मारायची, नाहीतर प्लास्टरवर पाइपच्या रेषेतच भेग उमटते. पण टेस्ट होईपर्यंत खाच भरायची नाही. पाइप दोन-तीन ठिकाणी मालाने नुसता धरून ठेवला की पुरे.

प्लंबर म्हणतो, टेस्ट कशाला? टाकीचं पाणी सोडून बघू.

यावर मी वाद घालत नाही, हिशेब मांडतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. तुमची टाकी पहिल्या मजल्याच्या नळापासून फार तर पाच मीटर वर. म्हणजे अर्धा किलो. एवढ्याशा दाबाने अर्धवट चिकटलेला जोड आज गळेलच असं नाही. तो दोन वर्षांनी गळतो, तेव्हा समोर टाइल असते. शिवाय उद्या तुम्ही प्रेशर पंप बसवलात तर दाब एकदम कितीतरी पटींनी वाढणार.

म्हणून हातपंपाने टेस्ट घ्यायची. सीपीव्हीसी लाइनला आमच्याकडे दहा किलोची टेस्ट घेतात. शेवटचा जोड चिकटवल्यावर चोवीस तास थांबायचं, कारण सोल्युशन पुरतं वाळायच्या आत दाब दिला तर चांगला जोडही सुटतो. सगळी तोंडं प्लगने बंद करायची, गरम आणि गार लाइन एका होज पाइपने एकमेकींना जोडायच्या आणि हळूहळू पाणी भरायचं. सगळ्यात वरचा प्लग, बहुधा शॉवरचा, सैल ठेवायचा म्हणजे आतली हवा निघून जाते. तिथून बुडबुडे थांबून सलग धार लागली की तो आवळायचा आणि मग पंप मारायचा.

काटा दहावर गेला की घड्याळ लावा. पहिल्या काही मिनिटांत काटा किंचित उतरतो. आत राहिलेली थोडी हवा दबते, पाइपही जरासा ताणला जातो. पुन्हा दहावर आणा. आता तासभर तो हलता कामा नये. काटा सावकाश पण सतत उतरत असेल तर कुठेतरी गळती आहेच. आधी प्लगच्या आट्या बघा, कारण निम्म्या वेळा गळती तिथेच असते आणि टेफलॉन टेप नीट गुंडाळली की थांबते. मग कोरड्या बोटाने एकेक जोड चाचपत जा. पितळी एल्बोच्या मागची बाजू हमखास राहून जाते, तिथे आरसा धरून पाहा.

यापुढची गोष्ट फार थोडे लोक करतात. टेस्ट पास झाली म्हणून पंप काढून नेऊ नका. दाब तीन-चार किलोवर आणून, प्लास्टर चालू असेपर्यंत गेज तसाच लावून ठेवा. त्या शिक्षकांच्या घरी लाइन रात्रभर दहावर ठेवली होती आणि काटा जागचा हलला नव्हता. सोमवारी सकाळी तो चारवर आणून मी खाली चहाला गेलो. वर आलो तर काटा शून्यावर! दोरी बांधायला गवंड्याने भिंतीत ठोकलेला खिळा नेमका गार पाण्याच्या पाइपात गेला होता. पाइपचा वीतभर तुकडा कापून नवा घातला, दोन कपलिंग लागली, अर्धा दिवस गेला. गेज नसता तर पाइपात पाणी आहे की नाही हेही कुणाला कळलं नसतं. खिळा काढून गवंड्याने माल मारला असता आणि खालच्या हॉलच्या भिंतीला पोपडे धरले असते.

नळाचं तोंड विटेच्या बाहेर किती काढायचं?

पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच, कारण त्या दिवशी भिंत विटेची असते आणि नळ बसायचा असतो टाइलवर. मधली जाडी डोक्यातल्या डोक्यात धरावी लागते. आमच्या बाथरूमचा हिशेब असा होता: प्लास्टर 15 मिलिमीटर, टाइलच्या मागचा माल 10, टाइल 8. एकूण 33 मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाच्या किंचित वर. पितळी एल्बोचं तोंड विटेपासून एवढंच बाहेर हवं, म्हणजे ते टाइलशी सपाट येतं. आत राहिलं तर पुढे एक्स्टेन्शन घालून जोडावं लागतं, म्हणजे गळायला आणखी एक जागा झाली. बाहेर आलं तर नळाची वाटी भिंतीला टेकतच नाही आणि मागे फट दिसत राहते.

पण भिंत ओळंब्यात नसली तर सव्वा इंच विटेपासून मोजून उपयोग काय? म्हणून गवंड्याकडून आधी प्लास्टरचे ठिय्ये मारून घ्यायचे. म्हणजे भिंतीवर चार-सहा ठिकाणी मालाच्या छोट्या थाप्या, ओळंब्याने लेव्हल केलेल्या, ज्यांच्या माथ्याला प्लास्टर येऊन थांबणार. प्लंबरने त्या ठिय्यांवर दोरी ताणून तिथून 18 मिलिमीटर पुढे तोंड काढायचं. गवंडी आणि प्लंबर एकाच दिवशी साइटवर यायला हवेत तो या एका कामासाठी. घरमालकाने त्या दिवशी रजा टाकून उभं राहावं, असं माझं मत आहे.

डायव्हर्टरला तर क्षमाच नाही. त्याच्या अंगावर प्लास्टिकचं टोपण असतं आणि त्यावर कमीत कमी व जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. तयार टाइलची पातळी त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवी. ते टोपण टाइल बसेपर्यंत काढायचं नाही. प्लास्टरवाल्याला ते आडवं येतं म्हणून तो काढून फेकतो आणि मग आत सिमेंट जातं.

वॉल मिक्सरच्या दोन तोंडांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत सहा इंच. गरम डावीकडे, गार उजवीकडे. दोन्ही तोंडांवर लेव्हल बॉटल आडवी धरून पाहा. अर्ध्या सेंटिमीटरचा तिरपेपणा विटेवर दिसत नाही, टाइलच्या आडव्या सांध्याशेजारी मात्र रोज डोळ्यांत खुपतो.

आणि उंची? ती कुठून मोजायची?

तयार फरशीपासून. स्लॅबपासून नव्हे, आणि तिथे पडलेल्या राडारोड्याच्या वरून तर नव्हेच. घरात सगळीकडे पाण्याच्या लेव्हल नळीने एकच निळी रेघ मारून घ्यावी, तयार फरशीपासून बरोबर तीन फुटांवर. मग प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फरशीवाला सगळ्यांनी त्या रेघेवरूनच मोजायचं. ही रेघ नसली की काय होतं ते मी स्वतःच्या घरात पाहिलं आहे. माझ्या प्लंबरने बादलीच्या नळाची उंची स्लॅबपासून धरली. वर अडीच इंचांचा माल आणि फरशी चढली, आणि नळ तेवढाच खाली आला. तेव्हापासून आमच्याकडे मोठी बादली नळाखाली जात नाही. ती तिरपी धरून सरकवावी लागते. बायको अजून मला ‘इंजिनिअर’ म्हणते, पण कोणत्या सुरात ते विचारू नका.

कमोड अजून घेतलेला नाही. पाइप टाकून ठेवला तर चालेल?

नाही चालणार. निदान कंपनी आणि मॉडेल ठरवून त्याचं मापाचं चित्र हातात हवं. कमोडची घाण एकतर फरशीत उतरते, त्याला एस-ट्रॅप म्हणतात, किंवा मागे भिंतीत जाते, तो पी-ट्रॅप. दोन्हींचा पाइप वेगळ्या जागी येतो. एस-ट्रॅपमध्येही मागच्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मॉडेलनुसार बदलतं. आपल्याकडे 9 इंच आणि 12 इंच ही दोन्ही मापं मिळतात.

आता वरचाच सव्वा इंच इथे लावा. हे 9 इंच तयार टाइलपासूनचे आहेत. आज समोर वीट आहे, म्हणून विटेपासून सव्वादहा इंचांवर मध्य धरायचा. ज्याने विटेपासून 9 मोजले त्याचं अंतर शेवटी पावणेआठ इंच उरतं आणि कमोडची टाकी भिंतीत घुसल्याशिवाय भांडं भोकावर बसत नाही. मग फरशी फोडा, नाहीतर मध्ये वाकडा कनेक्टर घाला. त्या कनेक्टरने घाण अडते आणि वर्षातून दोनदा माणूस बोलवावा लागतो.

शिक्षकांनी मात्र दुकानातून कमोडचं चित्र आणून प्लंबरच्या हातात ठेवलं होतं. प्लंबर थोडा रागावला, पण मोजलं बरोबर.

बाथरूमची फरशी बसण्याआधी काय काय व्हायला हवं?

भिंतीतल्या लाइनची टेस्ट आणि प्लास्टर झालं की खालच्या खड्ड्याकडे वळायचं. पहिल्या मजल्यावरच्या बाथरूमचा स्लॅब बाजूच्या खोलीपेक्षा खाली ओतलेला असतो. तो सनकन स्लॅब, आमच्या या बाथरूममध्ये फूटभर खोल. सांडपाण्याचे पाइप या खड्ड्यात बसतात आणि त्यावर भराव करून फरशी येते. त्यामुळे फरशीखालची प्रत्येक चूक खालच्या खोलीच्या छतावर उमटते.

आधी खड्डा खरवडून स्वच्छ करायचा. भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात मालाचा गोल वाटा मारायचा, मग वॉटरप्रूफिंगचे हात द्यायचे. हे हात भिंतीवर तयार फरशीच्याही फूटभर वर चढवायचे. त्यानंतर पाइप. कमोडची लाइन चार इंची, तिला दर पाच फुटांना एक इंच उतार. उतार कमी पडला तर घाण थांबते हे सगळ्यांना माहीत असतं. न्हाणी ट्रॅपकडे मात्र कुणी बघत नाही. त्यात दोन इंच पाणी कायम साचून राहायला हवं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. ट्रॅप तिरका बसला तर हे पाणी कमी होतं. म्हणून ट्रॅप लेव्हलमध्ये, आणि त्याची जाळी फरशीच्या सगळ्यात खोल जागी. फरशीवाल्याला टाइल कापायला सोपं जावं म्हणून ट्रॅप हलवू देऊ नका.

मग दोन टेस्ट, आणि त्या वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या दिवशी फक्त पाइपची. बाहेरच्या टोकाला प्लग लावून पाइप ट्रॅपच्या तोंडापर्यंत भरायचे आणि पातळी उतरते का बघायचं. ती जमली की पाइप स्लॅबमधून किंवा भिंतीतून जातो तिथली जागा न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची आणि ते ग्राउट घट्ट झालं की सगळा खड्डाच पाण्याने भरायचा. भिंतीवर पेन्सिलने खूण करून 72 तास तसाच ठेवायचा. दोन्ही टेस्ट एकदम घेतल्या आणि खाली ओल दिसली, तर पाइप गळतोय की स्लॅब, हे सांगता येत नाही. मग प्लंबर वॉटरप्रूफिंगवाल्याकडे बोट दाखवतो आणि तो प्लंबरकडे.

हे खालच्या खोलीच्या छताला प्लास्टर व्हायच्या आधी केलं तर उत्तम. उघड्या काँक्रीटवर ओलीचा काळा डाग लगेच दिसतो. प्लास्टर असलं की पाणी त्याच्या मागून सरकत भलत्याच ठिकाणी उगवतं. शिक्षकांच्या घरी दुसऱ्या दिवशी बीमच्या कडेला तळहाताएवढा डाग आला, बरोबर पाइप भिंतीतून बाहेर जातो त्याच्या खाली. पाणी काढलं, ग्राउट उकरलं, पुन्हा भरलं, ते घट्ट होऊ दिलं आणि पुन्हा 72 तास पाणी ठेवलं. कंत्राटदार कुरकुरला, कारण सगळा मिळून त्याचा आठवडा गेला.

टेस्ट जमल्यावर खड्डा भरायचा तो विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने, मालात नीट बसवून. साइटवरचा राडारोडा, टाइलचे तुकडे आणि वाळू खड्ड्यात लोटून वर फरशी मारायची पद्धत सर्रास आहे. असा भराव स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि खाली बसला की फरशीचा उतारही उलटा होतो. भराव चालू असताना तुम्ही तिथे असा. कोब्यावर वॉटरप्रूफिंगचा आणखी एक हात, मग भिंतीच्या टाइल, तळची एक रांग सोडून. त्यानंतर फरशी आणि शेवटी ती सोडलेली रांग, म्हणजे भिंतीचं पाणी फरशीवरच उतरतं.

तळमजल्याला सनकन स्लॅब नाही. तिथे काय?

तिथे उलट टोकापासून सुरुवात करायची. नगरपालिकेचं चेंबर किंवा तुमची सेप्टिक टाकी, जिथे पाइप जाणार, तिथली पातळी आधी घ्या. बाथरूमपासून तिथपर्यंत 40 फूट असतील तर दर पाच फुटांना एक इंच या हिशेबाने आठ इंच उतार लागतो. तो बसत नसेल तर जोतं भरायच्या आधीच कळलेलं बरं. कारण रस्ता दर डांबरीकरणाला चढत जातो आणि घर तिथेच राहतं.

जोत्यातली मुरूम भराई थराथराने, पाणी मारून, ठोकून झाल्यावरच चर काढून पाइप टाकावा. भुसभुशीत भरावावर ठेवलेला पाइप वर्षभरात मध्ये झोळ खातो आणि त्या झोळात घाण साचते. पाइप जोत्याच्या बीममधून फोडून न्यायचा नाही. बीम ओततानाच त्यात मोठ्या पाइपचा तुकडा ठेवलेला हवा, नाहीतर बीमच्या खालून काढायचा. खालच्या कोब्याआधी इथेही पाइप पाण्याने भरून बघायचे.

मग मागाहून केलं तरी चालेल असं काही आहे का?

आहे की. नळ, शॉवर, बेसिन, कमोड हे सगळं फरशी आणि रंगाचा पहिला हात झाल्यावर. गच्चीवरची टाकी, बाहेरून क्लॅम्पवर उतरणारे पाइप, पावसाच्या पाण्याचे पाइप बाहेरच्या प्लास्टरनंतरच बसवावेत. अंगणातली चेंबरंही नंतर बांधता येतात, फक्त त्यांची पातळी आधी ठरलेली हवी. स्वयंपाकघरात मात्र ओटा बांधायच्या आधी सिंक, पाण्याचा फिल्टर आणि भांडी धुण्याच्या मशीनचे पॉइंट आलेले असावेत. मशीन आज नसलं तरी.

हे सगळं धरून प्लास्टर किती दिवस पुढे जातं?

एका बाथरूमला खाचा मारायला एक दिवस, पाइप बसवायला एक-दोन दिवस, जोड वाळायला एक दिवस, टेस्टला एक सकाळ. घरात तीन बाथरूम असली तरी दोन प्लंबर आठवड्यात उरकतात, आणि तोवर गवंड्याला बाहेरच्या भिंतीची किंवा खोल्यांची कामं देता येतात. टेस्टच्या सकाळी, खाचा भरायच्या आधी, प्रत्येक भिंतीला कोपऱ्यापासून टेप लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवा, टेपवरचे आकडे वाचता येतील एवढ्या जवळून. शिक्षकबाईंनी ते फोटो छापून वहीत चिकटवले आहेत. गेल्या महिन्यात आरसा बसवायला सुतार आला, तेव्हा त्यांनी आधी वही काढली आणि त्याला ड्रिल चार इंच डावीकडे सरकवायला लावलं.